विकावा की चाळीत भरावा?

कृषी-व्यवसायाच्या वर्गातल्या फळ्याचा एक फोटो आहे. मोबाईलवर काढलेला, थोडा तिरका, कोपऱ्यात ट्यूबलाइटची चकाकी. डावीकडे एक चौकोन आणि त्यातून दोन रेघा निघालेल्या. वरच्या रेघेवर ‘आत्ता विका’ आणि पुढे आकडा १,२०,०००. खालच्या रेघेवर ‘चाळीत भरा’. तिच्या टोकाला एक वर्तुळ, त्यातून आणखी तीन रेघा आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी एकेक रक्कम. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला निर्णयवृक्ष म्हणतात. आडवा पडलेला दिसतो, पण वृक्षच.

प्रश्न नाशिककडच्या कुठल्याही कांदा उत्पादकाच्या ओळखीचा. उन्हाळ कांदा निघालाय, १०० क्विंटल आहे. मे महिन्यात भाव १,२०० रुपये क्विंटल. आत्ता विकला तर १,२०,००० रुपये हातात. चाळीत भरून सप्टेंबरपर्यंत थांबलं तर भाव चढू शकतो, पडूही शकतो. (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केलेले आहेत.)

चौकोन म्हणजे जिथे आपण ठरवतो ती जागा. वर्तुळ म्हणजे जिथे आपल्या हातात काही नसतं ती जागा. फोटोतल्या वर्तुळातून निघालेल्या फांद्या अशा: भाव ३,०००, शक्यता ०.३; भाव २,०००, शक्यता ०.४, भाव १,००० आणि त्याची शक्यता नेमकी चकाकीत गेलेली. ती शोधायला मास्तरांना फोन करायची गरज नाही. एका वर्तुळातून निघणाऱ्या सगळ्या शक्यतांची बेरीज १ झालीच पाहिजे, म्हणून उरलेली ०.३. कुणी काढलेला वृक्ष समोर आला की आधी ही बेरीज करून बघावी. ती १ भरत नसेल तर एखादी फांदी राहून गेली आहे किंवा दोन फांद्यांत तीच गोष्ट दोनदा मोजली आहे.

चाळीत कांदा वाळतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. चार महिन्यांत ३० टक्के घट धरली तर १०० चे ७० क्विंटल उरतात. निवड, भराई आणि मजुरीचे १०,००० रुपये वजा केले की तीन फांद्यांच्या टोकांना २,००,०००, १,३०,००० आणि ६०,००० असे आकडे येतात.

वृक्ष काढायचा डावीकडून उजवीकडे, पण सोडवायचा उलटा, टोकाकडून खोडाकडे. वर्तुळापाशी आलो की प्रत्येक रक्कम तिच्या शक्यतेने गुणायची आणि बेरीज घ्यायची: ६०,००० अधिक ५२,००० अधिक १८,०००, म्हणजे १,३०,०००. हे झालं चाळीचं अपेक्षित मूल्य. चौकोनापाशी मोठा आकडा निवडायचा आणि लहान फांदीवर काट मारायची. १,३०,००० मोठे, म्हणून फोटोत ‘आत्ता विका’वर दोन आडव्या रेघा मारलेल्या दिसतात. उत्तर: चाळीत भरा.

परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळतील. पण १०,००० रुपयांचा हा फायदा सरासरीतला आहे. वर्षानुवर्षं असेच निर्णय घेत राहिलं आणि मधल्या एखाद्या वाईट वर्षाने माणूस मोडला नाही, तरच ती सरासरी पदरात पडते. या हंगामात पदरात पडणार ती तीन रकमांपैकी एकच. (मधली रक्कम सरासरीइतकीच निघाली हा योगायोग.) समजा, दिवाळीच्या आत सोसायटीचं कर्ज आणि मुलीची कॉलेजची फी मिळून ८५,००० लागणार आहेत. मग दहातल्या तीन वेळा हे घर ६०,००० घेऊन बसेल आणि बाकीच्यासाठी सावकाराकडे जाईल. त्या व्याजाची फांदी फळ्यावर नाही.

डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. एका गरिबाला लॉटरीचं तिकीट मिळालं: निम्मी शक्यता काहीच न मिळण्याची, निम्मी २०,००० डुकाट मिळण्याची. सरासरी १०,०००. त्याने ते ९,००० ला विकलं तर तो मूर्ख का? नाही, असं बर्नुली म्हणतो. आणि एखाद्या श्रीमंताने ते ९,००० ला घेतलं नाही, तर चूक त्याची. मे महिन्यात शेतकरी विकतो आणि मोठा व्यापारी साठवतो, यात नेहमी शेतकऱ्याचं अज्ञानच असतं असं नाही. व्यापाऱ्याला तीन वाईट वर्षं सोसतात, शेतकऱ्याला एकही नाही.

फळ्यावर नसलेली आणखी एक रेघ चौकोनातून काढता येते: निम्मा विका, निम्मा भरा. त्यात ६०,००० तर पक्के. चाळीतल्या निम्म्यातून आणखी १,००,०००, ६५,००० किंवा ३०,०००. सरासरी १,२५,०००, म्हणजे पूर्ण साठवणुकीपेक्षा ५,००० कमी. पण सगळ्यात वाईट वर्षीही ९०,००० मिळतात आणि ८५,००० ची गरज भागते. गावात अनेक जण कागद न घेता हेच करतात, आणि माझ्या मते ते योग्यच करतात.

आता या फोटोतल्या खऱ्या कच्च्या दुव्याकडे येऊ. तो भावात नाही, घटीत आहे. ३० टक्क्यांऐवजी ४० टक्के घट धरून पाहा. ६० क्विंटल उरतात, अपेक्षित मूल्य १,१०,००० वर येतं आणि उत्तर फिरतं. बरोबर ३५ टक्क्यांना दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे सगळा निर्णय चाळ हवेशीर आहे का, कांदा नीट सुकवून भरला का, पातीच्या माना वाळल्या होत्या का, या गोष्टींवर टेकलाय. भावाचा अंदाज कुणालाच नीट येत नाही, पण आपली चाळ आपल्याला माहीत असते.

त्याहून मोठी गफलत अशी की तिन्ही फांद्यांवर तीच घट धरली आहे. भाव ३,००० ला जातो कधी? बऱ्याचदा पावसाळा दमट जाऊन सगळीकडचा कांदा सडतो तेव्हा. आणि सगळ्यांचा सडतो तेव्हा आपला कोरडा राहत नाही. वरच्या फांदीवर ४५ टक्के घट धरली तर ५५ क्विंटल उरतात आणि २,००,००० चे १,५५,००० होतात. नवी सरासरी १,१६,५००. आत्ता विकण्यापेक्षा कमी! शक्यता बदलल्या नाहीत, भाव बदलले नाहीत. फक्त भाव आणि सड एकमेकांशी बांधलेले आहेत हे मान्य केलं.

वरच्या फांदीला सरकारचंही झाकण असतं. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. शहरात कांदा महाग होऊ लागला की अशी पावलं उचलली जातात, म्हणजे साठवणाऱ्याचे चांगले दिवस यायच्या बेतात असतानाच. पडलेल्या भावाला मात्र तसा आधार मिळेलच असं नाही. म्हणून तीन फांद्या डाव्या-उजव्या सारख्या अंतरावर मांडणं दिसायला छान, पण खालची बाजू खरी असते आणि वरची कापलेली.

थांबायचं ठरवलंच, तर सप्टेंबरच्या आधी आणखी एक चौकोन काढून ठेवावा. जुलैच्या मध्यावर चाळीच्या दोन-तीन कप्प्यांतून पाटीभर कांदा काढून निवडायचा, किती खराब निघाला ते वजनाने मोजायचं आणि त्या दिवसाच्या लिलावाच्या भावावर पुन्हा सरासरी काढायची. तोपर्यंतची घट २० टक्क्यांच्या पुढे गेली असेल, तर उरलेल्या दोन महिन्यांत ती ३५ ची रेघ ओलांडण्याची भीती दाट असते; तेव्हा ट्रॅक्टर बाजार समितीकडे वळवलेला बरा.