एककापासून सुरू होणारी वर्गवारी

आयबीएमचे ‘०८२’ हे कार्ड सॉर्टर १९४९ सालचे. मिनिटाला साडेसहाशे भोक पाडलेली कार्डे ते ओढून घेई, आणि तरीही त्याला दोन आकड्यांत मोठा कोणता हे कळत नसे. एका वेळी कार्डाचा एकच स्तंभ ते वाचायचे. त्या स्तंभातल्या भोकातून तारांचा ब्रश खालच्या धातूच्या रुळाला टेकला की वीज वाहे, आणि भोक ज्या अंकाचे त्या अंकाच्या खणात कार्ड जाऊन पडे. खण तेरा होते. अंकांसाठी त्यातले दहाच लागत.

अशा अडाणी यंत्राकडून क्रम लावून घ्यायची युक्ती म्हणजे रॅडिक्स सॉर्ट. समजा कार्डे आहेत ४७२, ३१८, ४१५, ३७२, ४०८, ३१२. आपला हात आधी शतकाकडे जातो. पण तसे केले, तर प्रत्येक गठ्ठा वेगळा सांभाळावा लागतो. दहाचे पुढे शंभर गठ्ठे होतात आणि टेबल पुरत नाही. म्हणून ऑपरेटर एककापासून सुरुवात करी. दोनच्या खणात ४७२, ३७२, ३१२ पडतात, पाचच्या खणात ४१५, आठच्या खणात ३१८ आणि ४०८. शून्यापासून नऊपर्यंतचे खण ओळीने उचलून पुन्हा एकच गठ्ठा करायचा. आता दशक पाहिला की क्रम होतो ४०८, ३१२, ४१५, ३१८, ४७२, ३७२. अजून हा पसाराच वाटतो. शेवटी शतक: तीनच्या खणात ३१२, ३१८, ३७२ आणि चारच्या खणात ४०८, ४१५, ४७२. झाले काम! कुठल्याही दोन कार्डांची तुलना एकदाही झाली नाही.

सगळी मदार एका अटीवर आहे: खणात आधी आलेले कार्ड गोळा करतानाही आधीच राहिले पाहिजे. शतकाच्या फेरीत ३१२ आणि ३१८ यांचा अंक एकच, तीन. त्यांच्यातला निवाडा पहिल्या फेरीत झालेला असतो. पुढच्या फेऱ्यांनी तो फक्त जपायचा. यंत्रात कार्डे पालथी पडत, पहिले तळाशी, त्यामुळे क्रम आपोआप टिकायचा. घरी पत्ते घेऊन करून पाहताना इथेच फसगत होते. दशकाच्या फेरीत एकच्या खणातला गठ्ठा उलटा उचलला, तर शेवटी ३१८ आधी आणि ३१२ नंतर येते. बाकी सगळे जागच्या जागी, फक्त एकक चुकलेला, ही त्या चुकीची खूण.

चुकून दुसऱ्या खणात गेलेले कार्ड शोधायला ऑपरेटर गठ्ठा उजेडासमोर धरून भोकातून आरपार पाहत. उजेड अडला की आत परके कार्ड आहे.

तेरा हजार कार्डांना एका फेरीला वीस मिनिटे, म्हणजे तीन अंकी क्रमांकांना तास, वर गठ्ठे उचलण्याचा वेळ. कार्डे दुप्पट झाली तर वेळही फक्त दुप्पट. पण क्रमांक बारा अंकी असेल, तर मूठभर कार्डांनाही बारा फेऱ्या चुकत नाहीत. नावांचे तर आणखी अवघड: एका अक्षराला स्तंभात दोन भोके, म्हणून प्रत्येक अक्षरामागे दोन फेऱ्या.