सुडोकूच्या वाटेने : आयताला दोनच चौकटी हव्यात

या आठवड्यात आयताच्या युक्तीचा दुसरा प्रकार सांगायचा होता. तो पुढच्या अंकात. जठारपेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे पत्र आले आहे, आणि त्यांनी अडचण इतकी नेमकी मांडली आहे की आजचा सगळा लेख तिलाच द्यायला हवा. त्यांनी कोड्याचा कागद जोडला आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट.

बाईंना आयत सापडला तो असा. आडव्या ओळी दुसरी आणि सहावी, उभ्या ओळी दुसरी आणि आठवी. या ओळी जिथे छेदतात त्या चार घरांपैकी तीन घरांत फक्त ३ आणि ७ शक्य होते. चौथ्या घरात, म्हणजे सहाव्या आडव्या आणि आठव्या उभ्या ओळीच्या घरात, ३, ७ आणि ९. मागच्या लेखाप्रमाणे त्यांनी चौथ्या घरातले ३ आणि ७ खोडले आणि ९ लिहिला. थोडे पुढे गेल्यावर एका घरात कोणताच अंक बसेना. उत्तर पाहिले तर आयताच्या चौथ्या घरात ७. ‘युक्ती चुकली की मी?’ असे त्या विचारतात.

युक्ती बरोबर आहे, पण तो आयत तिच्या कामाचा नव्हता. त्याची चार घरे चार वेगवेगळ्या चौकटींत पडली आहेत. युक्तीला लागणारा आयत दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी आणि नेमक्या दोन चौकटी यांत बसायला हवा. ही तिसरी अट घाईत सहज निसटते, म्हणून ती कुठून आली ते मुळातून पाहू.

बाईंच्याच आयतातली दुसरी आडवी ओळ सोडून चौथी घ्या. आता घरे आहेत चौथ्या आणि सहाव्या ओळीत, उभ्या ओळी त्याच. डावीकडची दोन घरे मधल्या पट्ट्याच्या डाव्या चौकटीत आली, उजवीकडची दोन उजव्या चौकटीत. समजा चारही घरांत फक्त ३ आणि ७ उरले. चौथ्या ओळीत डावीकडे ३, उजवीकडे ७ आणि सहाव्या ओळीत डावीकडे ७, उजवीकडे ३ असे भरा. आता चारही घरांत ३ च्या जागी ७ आणि ७ च्या जागी ३ करा. प्रत्येक आडव्या ओळीत अजूनही एक ३, एक ७. उभ्या ओळींतही तेच. डाव्या चौकटीत आधी एक ३ आणि एक ७ होता, आताही आहे. उजव्या चौकटीतही तसेच. बाकीच्या कोड्याला या अदलाबदलीचा पत्ताही लागत नाही. म्हणजे कोड्याला दोन उत्तरे झाली. कोड्याचे उत्तर एकच आहे अशी खात्री असेल, तर ही स्थिती येऊच शकत नाही. म्हणून चौथ्या घरात ३ किंवा ७ असणार नाही, तिथे ९ च.

आता बाईंच्या आयतात हीच अदलाबदल करून पाहा. उत्तरानुसार सहाव्या ओळीत उजवीकडे ७ आहे, म्हणून डावीकडे ३. दुसऱ्या ओळीत उजवीकडे ३, डावीकडे ७. आडव्या-उभ्या ओळी अदलाबदलीनंतरही बिनतक्रार राहतात. पण डावीकडच्या वरच्या चौकटीत आयताचे एकच घर आहे. तिथला ७ काढून ३ ठेवला, तर त्या चौकटीत दुसऱ्या घरात बसलेल्या ३ ला जोडीदार मिळतो आणि ७ नाहीसाच होतो. अदलाबदल चौकटीवर अडली, दुसरे उत्तर तयार झाले नाही. जिथे दुसऱ्या उत्तराचा धोका नाही, तिथे तो टाळण्यासाठी काही खोडण्याचा अधिकारही नाही.

त्याच पत्रात बाईंची आणखी एक ओळ आहे. नातवासाठी त्या सोडवलेल्या कोड्यातले काही अंक खोडून नवे कोडे करतात, आणि नातू कधी कधी वेगळेच पण बिनचूक उत्तर आणतो. हे त्यांनी जाता जाता लिहिले आहे, पण आयताच्या युक्तीचे मूळ इथेच आहे.

पूर्ण भरलेल्या कोड्यात वरच्यासारखा, दोन चौकटींतला, कोपऱ्यांवर ३-७ आणि ७-३ असणारा आयत शोधा. त्याची फक्त चार घरे पुसा. ८१ पैकी ७७ अंक जागेवर आहेत, तरी उत्तरे दोन! उलट फक्त १७ अंक देऊनही एकच उत्तर असलेली कोडी आहेत. म्हणजे किती अंक दिले यापेक्षा ते कुठे दिले हे महत्त्वाचे. एकच उत्तर हवे असेल, तर अशा प्रत्येक आयतात निदान एक अंक छापलेला असायलाच हवा. डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवले की १६ अंकांचे एकच उत्तर असलेले कोडे होऊच शकत नाही. त्यांच्या शोधाचा पायाही हाच होता : अंकांची अदलाबदल होऊ शकेल अशा प्रत्येक गटात एक तरी दिलेला अंक पडला पाहिजे. आपला चार घरांचा आयत हा त्यातला सर्वांत लहान गट.

यावरून एक बारकावाही हाती येतो. आयताची तीन घरे तुम्ही आधीच भरली असतील, समजा ३, ७ आणि खाली ७, आणि चौथ्या घरात ३ किंवा ९ शक्य असेल, तरीही ३ खोडता येतो. मात्र ती तिन्ही घरे तुम्ही भरलेली हवीत. त्यातला एक जरी अंक छापील असेल, तर तो हलू शकत नाही, अदलाबदल होत नाही आणि युक्तीही लागू पडत नाही. म्हणून छापील अंक शाईत आणि आपले पेन्सिलीत, असे वेगळे दिसू द्या.

उत्तर एकच असल्याचे गृहीत धरणे ही पळवाट नाही का, असेही बाई विचारतात. कोडे छापणारा उत्तर एकच आहे अशी हमी देतो. ती हमीही कोड्याने दिलेली माहितीच आहे, आणि दिलेली माहिती वापरणे हा सोडवणाऱ्याचा हक्क. २०१७ मध्ये बंगळुरूला जागतिक सुडोकू स्पर्धा झाली. अशा स्पर्धांत मिनिटे मोजली जातात आणि कोडी तपासून घेतलेली असतात. तिथे ही युक्ती न वापरणे म्हणजे हातातला वेळ सोडून देणे.

पण तिची मर्यादा पक्की लक्षात ठेवा. आयत वापरून सोडवलेले कोडे ‘एकाच उत्तराचे’ आहे हे सिद्ध होत नाही, कारण ते आपण आधीच मानलेले असते. हमी नसलेल्या कोड्यात ती दोन प्रकारे फसवते. कधी पुढे एखाद्या घरात अंकच उरत नाही, मग चूक निदान दिसते. कधी मात्र कोडे सुरळीत सुटते आणि दुसरे उत्तर तसेच लपून राहते.

म्हणून बाईंना आणि घरी कोडी करणाऱ्या सर्वांना सांगणे एवढेच : स्वतः केलेले कोडे तपासताना आयताच्या युक्तीला हात लावू नका. आधी दोन चौकटींतले सगळे आयत शोधा, प्रत्येकात एक अंक ठेवा आणि मग कोडे बाकीच्या युक्त्यांनीच सोडवून पाहा. अदलाबदलीचे गट आयताहून मोठेही असतात, म्हणून हे दुसरे पाऊल चुकवू नका.

दुसरा प्रकार, दोन घरांत सारखाच जादा अंक असतो तो, पुढच्या आठवड्यात नक्की.