ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही

म्हाताऱ्या आईला किंवा वडिलांना संध्याकाळी कादंबरी वाचून दाखवायची ठरली, की हात आपसूक कपाटातल्या जाडजूड पुस्तकाकडे जातो. ‘मृत्युंजय’ किंवा ‘स्वामी’. त्यांच्या तरुणपणी गाजलेली, त्यांनी कधीतरी वाचलेली. निवड वाईट नाही, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नये असं माझं मत आहे. ‘मृत्युंजय’मधली वाक्यं लांब आणि अलंकारांनी लगडलेली. स्वतः वाचताना डोळा मागे जाऊन कर्ता शोधून आणतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हातातून सुटते, आणि ‘कळलं नाही’ म्हणण्याऐवजी माणूस नुसता ‘हं’ म्हणतो.

पहिल्या खेपेला मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सुचवीन. 1955 सालची ही कादंबरी पानांनी लहान आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर स्वतःच सगळं सांगतो, त्यामुळे कोण बोलतंय हा गोंधळ होत नाही. वाक्यं आखूड आहेत. माणसं एकेक करून येतात, आणि कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, शेकू, अंजी ही नावं कानाला एकमेकांसारखी लागत नाहीत. नावांचं हे बघणं क्षुल्लक वाटेल, पण माधव, माधवी आणि मधुकर एकाच घरात नांदत असतील तर तिसऱ्या दिवशी ‘हा कोण?’ सुरू होतं.

आता रोज किती वाचायचं? एक पान सावकाश मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. साधारण अडीच-तीन मिनिटं लागतील. ऐंशीच्या घरातलं माणूस पंचवीस मिनिटं नीट ऐकतं असं धरलं, तर आठ-नऊ पानं होतात. या हिशेबानं ‘बनगरवाडी’ दोन-अडीच आठवड्यांत संपते, म्हणजे सुरुवात आठवत असताना शेवट येतो. सहा-सातशे पानांचं पुस्तक याच गतीनं अडीच महिने खातं. मध्ये एखादं आजारपण, एखादं लग्न आलं की धागा तुटलाच.

थांबायची जागा दुपारीच बघून ठेवावी. प्रकरण संपायलाच हवं असं नाही, प्रसंग संपला की पुरे. पुढे काय येणार हेही आधी माहीत असलेलं बरं. बैल नसल्यामुळे शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा लावते, तो भाग वाचून लगेच दिवा मालवू नये. तो बैठकीच्या मधोमध येईल असं बघावं आणि मागून तालमीच्या खटपटीसारखं काही वाचावं. शेवटचा दुष्काळ मात्र तुकडे पाडून लांबवू नये. त्या दिवशी लवकर बसावं आणि जरा जास्त वाचावं.

ऐकू कमी येतं म्हणून आपण ओरडून वाचतो, तिथेच चुकतं. वयानुसार आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे स, फ, थ यांसारखी व्यंजनं. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात. आवाज किंचित खाली घ्यावा, गती कमी करावी, आणि ओठ दिसतील असं समोर बसावं. उजेड आपल्या तोंडावर हवा, त्यांच्या डोळ्यांवर नको. पंखा आणि शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद. माणदेशी बोलीची नक्कल जमत नसेल तर करू नये. पुण्या-मुंबईच्या जिभेवरचा ओढूनताणून आणलेला ‘आरं’ दोघांनाही अवघडवतो.

डोळे मिटले म्हणजे झोप लागली असं नव्हे. वाक्याच्या मध्येच थांबून बघा. जागी असेल तर आई लगेच ‘मग?’ म्हणते. उत्तर आलं नाही तर तिथे पेन्सिलीनं खूण करून पुस्तक मिटावं. दुसऱ्या दिवशी मात्र त्या खुणेवरून सुरू करू नये. ‘काल कुठपर्यंत आलो होतो गं?’ असं विचारावं आणि ती सांगेल तिथून वाचावं, मग ते चार पानं मागे का असेना. विचारण्याचा सूर परीक्षेचा झाला तर ती उत्तरच देणार नाही. अशा वेळी आपणच दोन वाक्यांत कालचं सांगून टाकावं.

रोजच चार पानं मागे जावं लागत असेल, किंवा मास्तर कोण हेच पुन्हा पुन्हा विचारलं जात असेल, तर कादंबरीचा आग्रह सोडावा. स्मरणशक्ती उणावलेल्या माणसाला त्या संध्याकाळीच पुरं होणारं काहीतरी हवं असतं. माडगूळकरांचंच ‘माणदेशी माणसं’ घ्या. प्रदेश तोच, भाषा तशीच, पण एका बैठकीत एक माणूस भेटतो आणि संपतो. आवडलेलं तेच व्यक्तिचित्र परवा पुन्हा वाचलं तरी चालतं. कंटाळा येईल तो वाचणाऱ्याला.

आणि सगळं जमलं, ‘आता पुढचं कुठलं?’ असा प्रश्न आला, तर तेव्हा ‘स्वामी’ काढावी. गोष्ट ओळखीची असल्यामुळे एखादी संध्याकाळ चुकली तरी बिघडत नाही. फक्त घरात कुणी दीर्घ दुखण्यातून उठलेलं असेल, तर थेऊरच्या पानांकडे येण्याआधी ‘वाचू का?’ म्हणून विचारून घ्यावं.