बाई, गृहपाठ केला होता; अक्षरं बिघडली

मुलाने टॅबवर मराठी निबंध लिहून शाळेला ईमेल केला आणि बाईंच्या संगणकावर त्याचा चिखल झाला, तर मुलाने कामचुकारपणा केला असं समजण्याआधी ती बिघडलेली अक्षरं नीट पाहायला हवीत. बिघाड कुठे झाला, ते तीच सांगतात.

समजा, मुलाने 'कमल' लिहिलं आणि बाईंना हे दिसलं:

```
कमल
```

युनिकोडचं मराठी साठवण्याची आज रुळलेली पद्धत म्हणजे UTF-8. तिच्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ही पद्धत कळली नाही, तर तो जुन्या युरोपीय तक्त्याप्रमाणे एकेक बाइट वेगळा वाचतो. म्हणून तीन अक्षरांची नऊ चिन्हं झाली. `à¤` किंवा `à¥` पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीचा वाचला जातोय. त्याच प्रोग्रॅममध्ये UTF-8 निवडलं की तो सहसा जसाच्या तसा दिसतो.

नुसते चौकोन दिसले तर तिथे देवनागरी फॉन्ट नाही, एवढंच. पण `???` दिसलं, तर वाटेत अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं भरली गेली असण्याची शक्यता मोठी. ती अक्षरं त्या संदेशातून परत मिळत नाहीत.

बिघडलेला मजकूर कॉपी करून दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. हलन्ताच्या तीन बाइटांपैकी शेवटच्या बाइटला त्या जुन्या तक्त्यात चिन्हच नेमलेलं नाही. काही प्रोग्रॅम तो गाळतात आणि मग जोडाक्षरं तुटतात. 'झ' आणि 'ए' यांचंही तेच होतं. मूळ प्रत टॅबमध्येच असते, तीच पुन्हा पाठवणं बरं.

चिठ्ठी आईने किंवा वडिलांनी लिहावी आणि ती छोटी असावी. मुलाची वकिली नको, पडताळता येईल तेवढंच सांगावं:

"आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. मंगळवारी पाठवलेला मराठीचा निबंध आपल्याकडे à¤ अशा चिन्हांत दिसला, असं कळलं. टॅबवरची मूळ प्रत मी पाहिली. ती स्पष्ट मराठीत आहे आणि तिच्यावर मंगळवारचीच तारीख आहे. मजकूर वाचण्याची पद्धत जुळली नसावी, असं वाटतं. तोच निबंध काहीही न बदलता पीडीएफ करून सोबत पाठवत आहे. हवं असल्यास टॅब शाळेत आणून दाखवते. कृपया तो वेळेत दिलेला धरावा, ही विनंती."

पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सहसा सोबतच जातात, म्हणून समोरच्या संगणकावर मराठीची सोय नसली तरी ती वाचता येते. पाठवण्याआधी पीडीएफ घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडून पाहावी, विशेषतः जोडाक्षरं.

शिक्षकांनाही एक विनंती: असा संदेश आला तर तो पुसू नका. शेरा मारण्याआधी मुलाला मूळ प्रत दाखवायला सांगा.