चुनखडी कधी फुटते?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या खाणींतून निघणारी चुनखडी कोट्यवधी वर्षे जमिनीत जशीच्या तशी पडून होती. तीच चुनखडी भट्टीत पुरेशी तापवली की काही तासांत तिचा कळीचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन किलो चुना मिळतो आणि चव्वेचाळीस किलो वायू हवेत जातो. मग प्रश्न असा, की ही चुनखडी नेमक्या कोणत्या तापमानाला फुटायला तयार होते? आणि भट्टी न पेटवता, केवळ कागदावर आकडेमोड करून ते सांगता येईल का?

बारावीच्या आणि पदवीच्या रसायनशास्त्रात हा प्रश्न नेमाने विचारला जातो. त्याचे उत्तर तीन ओळींत निघते, पण त्या तीन ओळींमागे काय घडते ते बहुतेकांना कुणी नीट सांगितलेले नसते.

अभिक्रिया साधी आहे: CaCO3 → CaO + CO2. कोष्टकांतले आकडे २५ अंश सेल्सिअसचे, म्हणजे २९८ केल्विनचे असतात. त्यांच्यावरून दोन गोष्टी काढायच्या. पहिली उष्णतेची: एक मोल चुनखडी, म्हणजे शंभर ग्रॅम, फोडायला १७८.३ किलोज्यूल उष्णता लागते. ती भट्टीतून, म्हणजे बाहेरून, ओढून घ्यावी लागते. दुसरी एन्ट्रॉपीची. पदार्थातली ऊर्जा आणि त्याचे कण किती वेगवेगळ्या प्रकारे मांडले जाऊ शकतात, याचे हे माप. चुनखडीची एन्ट्रॉपी मोलमागे ९२.९ ज्यूल प्रति केल्विन, चुन्याची ३९.८ आणि वायूची तब्बल २१३.७. घन स्फटिकात जखडलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा सुटला की त्याच्या रेणूंना हिंडायला अफाट जागा मिळते, म्हणून हा आकडा एवढा मोठा. उत्पादितांच्या बेरजेतून चुनखडीचा आकडा वजा केला की १६०.६ ज्यूल प्रति केल्विन एवढी वाढ मिळते.

एन्ट्रॉपी वाढते, तर मग चुनखडी खोलीच्या तापमानालाच का फुटत नाही?

कारण एन्ट्रॉपीचा नियम एकट्या चुनखडीला लागू नाही. चुनखडी आणि तिचा परिसर, दोघांची मिळून एकूण एन्ट्रॉपी वाढली तरच बदल आपणहून होऊ शकतो. रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये एन्ट्रॉपीला नाव दिले, तेव्हा तिच्या वाढीचा दावा त्याने सगळ्या विश्वाबद्दल केला होता. विद्यार्थी नेमके हेच विसरतात. ΔH धन की ऋण, ΔS धन की ऋण, अशा चार घरांचा तक्ता ते पाठ करतात आणि परिसराचा हिशेब मांडतच नाहीत. खरे तर तो आधी मांडायला हवा, कारण तो मांडला की तक्ता पाठ करावा लागत नाही.

परिसरातून जेवढी उष्णता ओढली जाते, तिला परिसराच्या केल्विनमधल्या तापमानाने भागले की परिसराने गमावलेली एन्ट्रॉपी मिळते. २९८ केल्विनला १,७८,३०० भागिले २९८, म्हणजे ५९८. चुनखडीकडे १६१ ची कमाई आणि परिसराचे ५९८ चे नुकसान. एकूण हिशेब सुमारे ४३८ ने तोट्यात. म्हणून चुनखडीचा डोंगर उभाच राहतो.

आता भट्टी पेटवून तापमान १२०० केल्विनवर नेऊ. लागणारी उष्णता तेवढीच धरली, तरी १,७८,३०० ला १२०० ने भागल्यावर परिसराचे नुकसान १४९ च उरते. चुनखडीची कमाई १६१ आहेच. हिशेब बाराने नफ्यात आला. मे महिन्यात तळ गाठलेल्या विहिरीतून चार घागरी उपसल्या तर ती कोरडी पडते. श्रावणात तुडुंब भरलेल्या विहिरीतून तेवढ्याच घागरी काढल्या तर कळतही नाही. तापलेल्या परिसरातून उष्णता काढणे हे भरल्या विहिरीतून उपसण्यासारखे आहे. भट्टीचे खरे काम हेच. ती उष्णता पुरवते, शिवाय त्या उष्णतेपोटी परिसराला सोसावे लागणारे एन्ट्रॉपीचे नुकसान कमी करते.

नफा आणि तोटा जिथे समसमान होतात, ते तापमान म्हणजे १,७८,३०० भागिले १६०.६. उत्तर १११० केल्विन, साधारण ८३७ अंश सेल्सिअस.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात हा दुहेरी हिशेब एकाच राशीत बसवला. ΔG = ΔH − TΔS हे सूत्र आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. यातले सगळे आकडे अभिक्रियेचेच आहेत, त्यामुळे परिसराकडे वेगळे पाहावे लागत नाही. पण परिसर त्यात ΔH च्या रूपाने बसलेला आहेच. वरचा ४३८ चा तोटा २९८ ने गुणून पाहिला की १३०.४ किलोज्यूल येतात, आणि सूत्रातूनही ΔG तेवढाच निघतो: १७८.३ वजा ४७.९. मुक्त ऊर्जा कमी होणे आणि विश्वाची एन्ट्रॉपी वाढणे ही एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. मात्र तापमान आणि दाब स्थिर असतील तरच.

इथे एक चूक वर्षानुवर्षे होत आली आहे. उष्णता किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये दिलेली असते, आणि घाईत दोन्ही आकडे तसेच सूत्रात घातले जातात. मग १७८.३ भागिले १६०.६ करून चुनखडी १.१ केल्विनला फुटते असे उत्तर येते. तसे असते तर पृथ्वीवर चुनखडीचा एक खडाही उरला नसता. उत्तर आले की ते ओळखीच्या जगाशी ताडून पाहावे, एवढ्यानेच ही चूक पकडता येते.

८३७ हे उत्तर बरोबर एककांतून आले, तरी प्रयोगात आकडा वेगळा निघतो. वायूचा दाब एक वातावरण असताना चुनखडी प्रत्यक्षात ९०० अंशांच्या आसपास फुटू लागते. साठ अंशांची ही तफावत आपल्या एका गृहीतकातून आली: २५ अंशांचे ΔH आणि ΔS सगळ्या तापमानांना तसेच राहतात, असे आपण धरले. प्रत्यक्षात तापमान वाढते तशा दोन्ही राशी थोड्या घटतात, आणि एन्ट्रॉपीतली घट प्रमाणाने जास्त असते. म्हणून समतोलाचे तापमान वर सरकते. कच्चा अंदाज बांधायला सोपी पद्धत पुरते, भट्टीचा आराखडा करायला पुरत नाही.

दुसरी अट याहून महत्त्वाची आहे. वरचे सगळे गणित वायूचा दाब एक वातावरण धरून केले होते. दाब बदलला की उत्तर बदलते. एडिंबराच्या सर जेम्स हॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खडूची पूड बंदुकीच्या नळीत घट्ट बंद करून तापवली. उघड्यावर त्या उष्णतेने पुडीचा चुना झाला असता. बंद नळीत वायूला वाट मिळाली नाही, दाब वाढत गेला, आणि हॉल यांच्या हाती चुन्याऐवजी संगमरवरासारखा कठीण दगड आला. पुढे १८६७ मध्ये फ्रान्सच्या आंरी दब्रे यांनी दाखवले, की बंद भांड्यात प्रत्येक तापमानाला वायूचा एक ठरावीक दाब तयार होतो आणि चुनखडी थोडी घेतली की भरपूर, त्याने काही फरक पडत नाही.

हे गणितात आणायला ΔG मध्ये RT ln P ही भर घालावी लागते. इथे P म्हणजे वायूचा वातावरणांत मोजलेला दाब. भट्टीतल्या वायूंत पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइड असेल तर समतोलाचे तापमान सोप्या पद्धतीने ७५२ अंशांवर उतरते. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते. तो आकडा घातला तर उत्तर ५२० अंशांच्या जवळ येते. भट्टीला चांगला ओढा का लागतो, ते यावरून कळते. वारा वायू वाहून नेतो, दाब खाली राहतो आणि अभिक्रिया पुढे सरकते.

मग कारखाने ५२० अंशांवर काम का भागवत नाहीत? ΔG ऋण आहे म्हणजे वाट उतरणीची आहे, एवढेच कळते. त्या वाटेवर वेग किती असेल हे ते सांगत नाही. त्या तापमानाला अभिक्रिया फार रेंगाळते. शिवाय मोठ्या दगडाच्या गाभ्यात मोकळ्या हवेचा दाब नसतो. तिथे सुटलेला वायू आजूबाजूच्या थरातून वाट काढत बाहेर येतो, त्यामुळे गाभ्यातला दाब एक वातावरणाच्या जवळ जातो आणि त्या ठिकाणी पुन्हा नऊशेच्या आसपासचीच अट लागू होते. भट्टीतून काढलेला दगड फोडल्यावर मध्ये न भाजलेला पांढुरका खडा दिसतो, तो यामुळेच. उलट फार तापवले की चुन्याचे कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात आणि असा चुना पाण्यात सावकाश विरतो. तो गिलाव्यात गेला तर भिंत वाळल्यावर कधीतरी आत फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो.

उत्स्फूर्त आणि जलद यांच्यातला फरक उलट्या अभिक्रियेत सर्वांत स्वच्छ दिसतो. चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळून पुन्हा चुनखडी होण्याचा ΔG खोलीच्या तापमानाला उणे १३०.४ किलोज्यूल आहे. हवेतला वायू किती विरळ आहे हे लक्षात घेतले तरी तो उणे १११ उरतो. इतका मोठा उतार असूनही कोरडा कळीचा चुना कोरड्या हवेतला हा वायू जवळपास घेतच नाही. पाणी घातले की आधी तो विरतो, त्यात मोलमागे सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता निघते आणि हौद वाफाळतो. असा विरलेला चुना मात्र हवेतला वायू घेऊ शकतो, कारण ओलसर कणांवरच्या पाण्यात चुना आणि वायू दोन्ही विरघळतात आणि तिथे त्यांची गाठ पडते. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या चुनेगच्चीत हेच घडत गेले. भिंतीचा पृष्ठभाग काही महिन्यांत दगडासारखा होतो, पण वायूला आत शिरायला बारीक छिद्रांतून जावे लागते. म्हणून जाड भिंतीच्या पोटात कित्येक वर्षांनंतरही चुनखडी न झालेला चुना सापडू शकतो. तो ओळखायला रसायनशाळेत ताज्या तोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतात: जिथे गुलाबी रंग चढतो तिथे चुना अजून चुनाच आहे, आणि जिथे रंग चढत नाही तिथे त्याची चुनखडी झाली आहे.