शोध कसा लागतो? – भाग ७ : आधी उत्तर, मग शोध

मागच्या भागात आपण एम्बेडिंग पाहिलं. मजकुराची आकड्यांची रांग करायची आणि जे मजकूर अर्थानं जवळचे, ते आकड्यांतही जवळ यायला हवेत, एवढीच अपेक्षा. पण यात एक अडचण राहून जाते. माणूस टाइप करतो तो प्रश्न आणि साठ्यात असतात ती उत्तरं.

'अक्कलदाढ काढायला किती वेळ लागतो' हा पाच शब्दांचा प्रश्न घ्या. ज्या परिच्छेदात याचं उत्तर आहे, त्यात भूल, टाके, हिरडीत आडवी अडकलेली दाढ असं सगळं असेल आणि 'किती वेळ' हे शब्द कदाचित नसतीलच. अशा वेळी हाच प्रश्न विचारणारा दुसरा एखादा मजकूर साठ्यात असेल, तर तो उत्तरापेक्षा वर येतो.

कॉन्ट्रीव्हर नावाच्या मॉडेलमध्ये हे ठळक दिसतं. त्याला शिकवताना कुणी प्रश्नोत्तरांच्या जोड्या दिल्या नव्हत्या. एकाच लेखातले दोन तुकडे उचलून 'हे एकमेकांच्या जवळचे' एवढंच शिकवलं होतं. त्यामुळे परिच्छेदाशेजारी परिच्छेद ठेवणं त्याला उत्तम जमतं. प्रश्नाशेजारी उत्तर ठेवायला मात्र त्याला कुणी शिकवलंच नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये लुयू गाओ, शुएग्वांग मा, जिमी लिन आणि जेमी कॅलन यांनी यावर सरळ तोड काढली आणि तिला 'हाइड' हे नाव दिलं. मॉडेलला परिच्छेद ओळखता येतात ना, मग त्याच्या हातात परिच्छेदच द्यायचा. आधी भाषिक मॉडेलला सांगायचं, 'या प्रश्नाचं उत्तर देणारा एक परिच्छेद लिही.' ते लिहितं : 'अक्कलदाढ काढायला साधारणपणे अर्धा ते दोन तास लागतात. दाढ हिरडीत अडकलेली असेल तर जास्त वेळ लागू शकतो. आधी जागा बधिर करतात...' या परिच्छेदाचं एम्बेडिंग काढायचं आणि त्यानंच साठ्यात शोधायचं. खरे परिच्छेद सापडले की मसुदा टाकून द्यायचा. वाचकाला तो दाखवायचा नाही. दाखवायचं ते सापडलेलं.

इथं कुणीही विचारेल, की मसुद्यात थाप मारलेली असली तर? 'अर्धा तास' चुकीचा असला तर? बहुतेक वेळा बिघडत नाही. अख्खा परिच्छेद ७६८ आकड्यांत दाबून बसवला की विषय, परिभाषा, लिहिण्याची धाटणी टिकते. एखादा तपशील त्यात विरून जातो. शिवाय जुळवणी होते ती खऱ्या परिच्छेदांशीच.

लेखकांनी एकाऐवजी अनेक मसुदे लिहून घ्यायचे आणि मूळ प्रश्नासकट सगळ्यांची सरासरी काढायची, असंही सुचवलं :

```
v = (f(q) + f(d1) + ... + f(dN)) / (N + 1)
```

`q` म्हणजे प्रश्न, `d` म्हणजे मसुदे, `f` म्हणजे एम्बेडिंग. एखादा मसुदा भरकटला तरी बाकीचे त्याला आवरतात.

फरक किती पडला? टीआरईसीच्या २०१९ च्या चाचणीत पहिल्या दहा निकालांच्या क्रमवारीला शंभरपैकी गुण दिले, तर नुसत्या कॉन्ट्रीव्हरला ४४.५ मिळतात. शब्द जुळवणाऱ्या जुन्या बीएम२५ पद्धतीला ५०.६, म्हणजे नवं मॉडेल जुन्यापेक्षाही मागे. मसुदा मध्ये घातला की तेच कॉन्ट्रीव्हर ६१.३ वर जातं. मात्र शोधणारं मॉडेल आधीच प्रश्नोत्तरांवर शिकलेलं असेल, तर हा फायदा बराच आटतो. त्यात मसुदा लिहिणारं मॉडेल कच्चं असलं, तर निकाल थोडे खालीही येतात.

खरी फजिती होते ती विषयच चुकल्यावर. समजा, एखाद्या कंपनीत 'गरुड' नावाचा अंतर्गत प्रकल्प आहे आणि कर्मचारी शोधतो, 'गरुडची मुदत कधी वाढली'. भाषिक मॉडेलला हा प्रकल्प ठाऊक असायचं कारण नाही. ते पक्ष्याबद्दल लिहील, नाहीतर भलत्याच निविदेबद्दल ऐटीत चार ओळी ठोकेल. आकडा चुकला तर शोध सावरतो, विषय चुकला तर तो आत्मविश्वासानं चुकीच्या कपाटात हात घालतो. असे मसुदे कितीही लिहून घेतले तरी सगळे एकाच दिशेनं भरकटतात, मग सरासरीचाही उपयोग नाही. परिपत्रक क्रमांक, कलम, सुट्या भागाचा कोड शोधतानाही हेच. तिथं अचूक अक्षरं हवी असतात आणि मसुदा ती पुसट करतो. ते काम बीएम२५ कडेच सोपवावं.

तुमच्या साठ्यात याचा उपयोग होतो का, हे तपासणं सोपं आहे. ज्यांची उत्तरं कुठल्या पानावर आहेत हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, असे पन्नासेक खरे प्रश्न गोळा करा. प्रत्येक प्रश्न एकदा नुसता आणि एकदा मसुद्यासह शोधा, आणि योग्य पान पहिल्या दहांत किती वेळा आलं ते मोजा. मसुद्यानं जिथं घात केला, तिथले मसुदे स्वतः वाचा. विषय कुठं सुटला हे दोन ओळींत कळतं. आणि प्रत्येक शोधामागे मॉडेलला लिहायला लागणारा वेळही हिशेबात धरा. लोक उत्तराची वाट पाहत असतात, तेव्हा तो जाणवतो.