99 टक्के, पण कुठल्या पानावर?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ब्लॅक बुकात बांधून झालेला असतो, स्लाइड तयार असतात, आणि खऱ्या तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी विभागात सराव तोंडी परीक्षा लागते. शेवटून दुसरी स्लाइड ‘मर्यादा’ या नावाची. तिच्यावर बहुतेक गटांची तीच दोन वाक्यं असतात : डेटासेट मर्यादित होता, पुढे तो वाढवण्याचा विचार आहे. विद्यार्थी ती भरभर वाचून पुढे जायला बघतात आणि परीक्षक नेमके तिथेच थांबवतात.

का थांबवतात, हे समजायला एक प्रोजेक्ट समोर ठेवू. गट कल्पनेतला आहे, प्रोजेक्ट मात्र महाराष्ट्रातल्या कॉलेजांत अगदी ओळखीचा : टोमॅटोच्या पानाचा फोटो काढायचा आणि मोबाइलने रोग सांगायचा. गटात चौघे. त्यांचं मॉडेल ‘प्लांटव्हिलेज’ या खुल्या फोटोसंग्रहावर शिकलेलं, आणि पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत अचूकता 99 टक्के.

सरावातला पहिला प्रश्न साधा वाटतो. “हे 99 टक्के कुठल्या पानांवर आले?”

“सर, टेस्ट सेटवर.”

“ती पानं कुठली? फोटो कोणी काढले, कुठे, कसे?”

इथे चौघे एकमेकांकडे बघतात. या संग्रहात 14 पिकांचे मिळून 54,306 फोटो आहेत आणि त्यांत पीक-रोगाच्या 38 जोड्या आहेत. ते अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांवर काढलेले. पान झाडावरून तोडायचं, करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवायचं आणि वरून फोटो घ्यायचा, अशी पद्धत. म्हणजे एका फोटोत एक पान, मागे सपाट कागद. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या फडात शेतकरी फोटो काढतो तेव्हा त्याच पानामागे माती असते, चंदेरी मल्चिंग पेपर असतो, बांबू-तार आणि सुतळी असते. एका पानावर दुसऱ्याची सावली पडलेली असते आणि नुकतीच फवारणी झाली असेल तर बोर्डो मिश्रणाचे निळसर डागही असतात.

या फरकाची किंमत मोजलेली आहे. शरद मोहंती, डेव्हिड ह्यूझ आणि मार्सेल सलाथे यांनी 2016 साली याच संग्रहावर मॉडेल शिकवलं आणि 99.35 टक्के अचूकता मिळवली. मग त्यांनी तेच मॉडेल इतर ठिकाणांहून, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवलं. अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास उतरली, आणि त्यांनी ती आपल्याच निबंधात छापली. विद्यार्थ्यांच्या ब्लॅक बुकात यातला पहिला आकडा हमखास येतो. दुसरा फार क्वचित दिसतो, आणि परीक्षकाला नेमका तोच हवा असतो.

दुसरा धक्का याहून मोठा आहे. 2022 साली मेहमेत अलीजान नोयान यांनी पान जवळजवळ बाजूलाच ठेवलं. प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त 8 ठिपके घेतले आणि तेवढ्यावर मॉडेल शिकवलं. 38 पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर 2.6 टक्के वेळा बरोबर येईल. या 8 ठिपक्यांवर 49 टक्के आलं. एका रोगाचे फोटो एका बैठकीत, एका कागदावर, एका उजेडात काढले गेले असतील, तर त्या कागदाचा रंगच रोगाचं नाव फोडतो. मॉडेलला पान बघायची गरजही उरत नाही.

आता परीक्षक विचारतात, “मग तुमचा निष्कर्ष नारायणगावच्या शेताला लागू होतो का?” ‘हो’ म्हटलं तर ते खोटं ठरतं. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर वर्षभर केलं काय, हा पुढचा प्रश्न येतो. सरावात या उत्तरावर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. चांगलं उत्तर साधारण असं असतं :

“सर, 99 टक्के हा आकडा कागदावर ठेवलेल्या एकेकट्या पानांपुरता आहे. शेतातल्या फोटोंवर तो कमीच येणार, कारण या संग्रहात पार्श्वभूमी आणि रोग एकमेकांना चिकटलेले आहेत. आमच्या मॉडेलमध्ये हे किती आहे ते बघायला आम्ही पान कापून काढलं आणि नुसती पार्श्वभूमी दिली. तरी मॉडेल निव्वळ नशिबापेक्षा बरंच जास्त बरोबर आलं, म्हणजे आमचा आकडा फुगलेला आहे. म्हणून आम्ही एका गावातल्या दोन शेतांतून 100 पानांचे फोटो घेतले. त्यांत 62 बरोबर आले. दावा करायचा तर आम्ही याच आकड्यावर करू.”

मर्यादा कुठली, ती आकड्याला वर ढकलते की खाली, ती आहे हे तपासलं कसं आणि तरीही हातात काय उरतं, हे सगळं या उत्तरात येतं. ‘डेटासेट मर्यादित’ या वाक्यात यातलं काहीच नाही. शिवाय ते चूकही आहे. 54 हजार फोटो काही थोडे नव्हेत. ते एकाच तऱ्हेचे आहेत, ही खरी अडचण. त्याच कागदावर आणखी 50 हजार पानं ठेवली तरी शेतातला निकाल सुधारेलच असं नाही.

पण 62 वरही प्रश्न येतो, आणि यायलाच हवा. “100 पानांवर 62. उद्या दुसरी 100 घेतली तर?” नमुना एवढा लहान असला की खरा आकडा साधारण 52 ते 71 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि ही पट्टी विद्यार्थ्याला तोंडपाठ हवी. त्यातही ही 100 पानं एकमेकांपासून सुटी नाहीत. एका शेतात एकच वाण, एकच फवारणी, आणि झाडं शेजारीशेजारी असल्याने रोगही एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला. त्यामुळे 100 पानांत खरी माहिती 100 पानांइतकी नसते आणि पट्टी प्रत्यक्षात आणखी रुंद होते. “सर, आमच्याकडे पानं 100 आहेत, पण शेतं दोनच,” एवढं एक वाक्य विद्यार्थ्याला विषय कळल्याचं सांगून जातं.

मोजमापाचे प्रश्न यापुढे सुरू होतात, आणि तयारीत दुर्लक्ष नेमकं त्यांच्याकडे होतं.

संग्रहातले टोमॅटोचे फोटो 18,160 आहेत. त्यांत पिवळ्या पर्णगुच्छ विषाणूचे 5,357 आणि मोझॅक विषाणूचे फक्त 373. पाचवा हिस्सा चाचणीला बाजूला काढला तर 3,632 फोटो होतात आणि त्यांत मोझॅकचे साधारण 75. समजा मॉडेलला मोझॅक अजिबात ओळखता येत नाही, पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर चुकले, आणि बाकी सगळे बरोबर आले. अचूकता किती दिसेल? जवळपास 98 टक्के. एक रोग संपूर्ण निसटला, तरी पहिल्या स्लाइडवर त्याचा मागमूस नाही.

म्हणून “अचूकता हेच माप का निवडलंत?” या प्रश्नाला “सगळे तेच वापरतात” हे उत्तर चालत नाही. प्रत्येक रोगाची खरोखर रोगट असलेल्या पानांपैकी किती पकडली, हे वेगवेगळं दाखवायला हवं. मोझॅकसमोर शून्य लिहावं लागलं तर लिहावं. परीक्षकाने स्वतः शोधून काढलेल्या शून्यापेक्षा विद्यार्थ्याने दाखवलेलं शून्य केव्हाही बरं.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात अवघड : “शेतातल्या त्या 100 पानांवर कुठला रोग आहे, हे ठरवलं कोणी?”

बहुतेक वेळा खरं उत्तर असतं, शेतकऱ्याने सांगितलं. लवकर येणाऱ्या करप्याची वर्तुळात वर्तुळ अशी वलयं सरावलेल्या डोळ्याला ओळखू येतात. विषाणूजन्य रोगांत तसं होत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात राज्यात काही भागांत टोमॅटोची फळं रंग बदलू लागली आणि शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ असं नाव दिलं. नेमकं काय आहे हे बांधावर उभं राहून ठरलं नाही. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा त्यांत काकडीवरच्या मोझॅक विषाणूचं नाव पुढे आलं. नुसत्या डोळ्याने लावलेलं लेबल असं कच्चं असू शकतं, आणि मॉडेलची परीक्षा याच लेबलवर घेतली जाते.

प्रयोगशाळेचा खर्च विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचा, हे परीक्षकालाही ठाऊक असतं. स्वस्तातला उपाय असा की दोन जाणकारांना तीच 100 पानं वेगवेगळी दाखवायची आणि एकमेकांची उत्तरं कळू द्यायची नाहीत. समजा 81 पानांवर दोघांचं एकमत झालं. मग उत्तर असं देता येतं : “मॅडम, 19 पानांवर दोन्ही जाणकारांचं जमलं नाही. तिथे मॉडेल चुकलं की लेबल चुकलं, हे आम्हाला सांगता येत नाही. म्हणून एकमत झालेल्या 81 पानांचा निकाल आम्ही वेगळा काढला आहे.” मात्र एकमत झालेली पानं बहुधा सोपी असतात. त्यामुळे हा वेगळा निकाल थोडा उजवा दिसणार, हेही त्याच दमात सांगून टाकावं.

आणखी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. संग्रहातल्या टोमॅटोच्या दहा गटांत नागअळी नाही. पानावर पांढरी वेडीवाकडी रेघ ओढत जाणारी ही अळी आपल्याकडे टोमॅटो लावणाऱ्या कोणालाही परकी नाही. तिचा फोटो दिला की मॉडेल ‘माहीत नाही’ म्हणत नाही, कारण ते त्याला शिकवलेलंच नाही. दहापैकी एक नाव ते देतंच, आणि पुष्कळदा भरघोस टक्केवारी दाखवून. त्या नावावरून शेतकऱ्याने बुरशीनाशक मारलं तर पैसा गेला आणि अळी तिथेच राहिली.

म्हणून सरावाच्या शेवटी मॅडम नागअळीच्या पानाचा फोटो मोबाइलवर उघडून चौघांपुढे धरतात आणि विचारतात, “हे ॲप आज शेतकऱ्याच्या हातात द्याल?” गटातली एक मुलगी थोडं थांबून म्हणते, “आज नाही, मॅडम. नावासोबतची टक्केवारी एका मर्यादेखाली असेल तर ‘कृषी सहायकाला दाखवा’ एवढंच यावं, असा बदल आम्ही केला आहे. पण नागअळीच्या 20 पानांपैकी 11 वर ते अजूनही खात्रीने करपा म्हणतं. तो तक्ता आमच्या मर्यादांच्या स्लाइडवर आहे.” मॅडम स्लाइड मागे न्यायला सांगतात, आणि तक्त्यातल्या त्या 11 पानांचे फोटो एकेक करून बघायला सुरुवात करतात.